गाव कुणाचे होते? समुदाय, मंडळ आणि गिरणीतला धोटा

"पूर्वी गावात माणुसकी होती, शहरात शेजारी मेला तरी कळत नाही." हे वाक्य आपण शंभर वेळा ऐकलेले असते. दिवाळी अंकात, निवृत्त शिक्षकाच्या भाषणात, लग्नाच्या मांडवात. बोलणारा सहसा प्रामाणिक असतो. त्याच्या घरी कुणी आजारी पडले तर गाव धावून येत होते, हे खरेच असते. पण हे वाक्य महारवाड्यातून, मांगवाड्यातून मुंबईला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मला क्वचितच ऐकू आले. तेही गावची आठवण काढतात. त्यांना नदी आठवते, आंब्याचे झाड आठवते, आई आठवते. 'गावाची माणुसकी' मात्र त्यांच्या आठवणीत सहसा नसते.

दोघांचे गाव एकच होते. मग आठवणी दोन का? या प्रश्नाचे उत्तर स्वभावात नाही, इतिहासात आहे. आणि ते शोधताना समाजशास्त्रातली एक फार जुनी मांडणी तपासून घ्यावी लागते.

एका सिद्धांताची वंशावळ

फर्डिनांड टोनिस हा जर्मन विचारवंत १८५५ साली श्लेस्विग प्रांतातल्या एका सधन शेतकरी कुटुंबात जन्मला. १८८७ साली त्याचे 'गेमाइनशाफ्ट उंड गेझेलशाफ्ट' हे पुस्तक आले. आपल्याकडे या दोन शब्दांसाठी 'समुदाय' आणि 'मंडळ' असे शब्द चालतात. टोनिसचे म्हणणे थोडक्यात असे. माणसे दोन प्रकारे एकत्र राहतात. समुदायात ती रक्ताने, शेजाराने किंवा समान श्रद्धेने बांधलेली असतात. तिथे कुणी हिशेब करून नाते जोडत नाही, माणूस त्या नात्यातच जन्माला येतो. मंडळात मात्र माणसे काही हेतू धरून एकत्र येतात. मालक आणि कामगार, दुकानदार आणि गिऱ्हाईक, कंपनी आणि तिचे भागधारक ही अशी नाती. इथे करार असतो, पैसा असतो, मुदत असते. काम संपले की नाते संपले. टोनिसच्या मते खेडे हे पहिल्या प्रकाराचे घर आणि महानगर हे दुसऱ्याचे. आधुनिक काळ म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास.

टोनिस केवळ भूतकाळात रमणारा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. १८९६-९७ साली हॅम्बुर्गच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा त्याने त्या संपाचा अभ्यास केला आणि कामगारांची बाजू घेतली. पुढे नाझींनी 'लोकसमुदाय' या शब्दाचा डंका पिटून ज्यूंना त्या समुदायाबाहेर काढले, तेव्हा टोनिसने नाझींना उघड विरोध केला आणि १९३३ साली ते सत्तेवर येताच त्याची विद्यापीठातली जागा गेली. म्हणजे 'समुदाय' या गोड शब्दाचे दात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टोनिसच्या मांडणीमागे हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडिताचे लेखन होते. जन्माने ठरलेल्या दर्जाकडून कराराकडे समाज जातो, हा विचार मेनने १८६१ साली मांडला. त्यानंतर तो कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य म्हणून काही वर्षे होता, आणि १८७१ साली त्याने पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ग्रामसमुदायांवर पुस्तक लिहिले. मेनच्याही आधी, १८३० साली, चार्ल्स मेटकाफ या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गावांना छोटी छोटी प्रजासत्ताके म्हटले होते. राजवटी आल्या आणि गेल्या, गाव मात्र टिकून राहिले, असे त्याचे कौतुकाचे म्हणणे होते.

म्हणजे जगभर 'समुदाय' म्हणून जे चित्र शिकवले गेले, त्याच्या रंगांत भारतीय खेड्याचाही रंग मिसळलेला आहे. आणि ते खेडे इंग्रज अधिकाऱ्याला ज्यांनी समजावून सांगितले, ते पाटील, कुलकर्णी आणि पंडित होते. वेशीबाहेरच्या माणसाला कुणी विचारले नव्हते.

त्याचे उत्तर यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी मेटकाफचे नाव घेऊनच या गौरवाचा समाचार घेतला. गावे टिकली असतील, पण नुसते टिकणे हे काही मोठेपण नव्हे, कोणत्या पातळीवर टिकली ते पाहा, असा त्यांचा मुद्दा होता. संविधानाचा घटक गाव नाही, व्यक्ती आहे, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. सभागृहात अनेकांना ते झोंबले. आजही काही जणांना वाटते की बाबासाहेब गावाबद्दल रागाने बोलले. राग असेल. पण त्यामागे पक्का सामाजिक अभ्यास होता.

गाव एक नव्हते

बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनात खेड्याचे जे वर्णन येते, त्याचा गाभा असा आहे की हिंदू खेडे हा एक समाज नाही. तिथे दोन गट राहतात. एक आत, एक बाहेर. एक मोठा, एक छोटा. एकाकडे जमीन, दुसरा मजुरीवर अवलंबून. त्यांच्यातला रोजचा व्यवहार ठरलेल्या नियमांनी चालतो आणि तो नियम मोडला की शिक्षा होते.

हे महाराष्ट्राच्या तपशिलात पाहू. महार हा बलुतेदार. पण सुताराचे किंवा लोहाराचे बलुते आणि महाराचे बलुते यांत फरक होता. सुताराकडे एक ठरलेले काम होते. महाराकडे मात्र काय काम आहे, हे कुठेच संपत नव्हते. वेशीची राखण, गावच्या शिवेची साक्ष, सरकारी अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, वसुलाची रक्कम तालुक्याला पोहोचवणे, सांगावा नेणे, मेलेले जनावर ओढणे, सरपण फोडणे. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन, सुगीला धान्य आणि रोजची मागून आणलेली भाकरी. 'बावन्न हक्क' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांतले कितीतरी हक्क म्हणजे उरलेले, टाकलेले किंवा मेलेले घेण्याचा हक्क होता.

१८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था इंग्रजी राज्यात कायद्याच्या चौकटीत बसवली. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांनी दाखवून दिले की वतनदार महार चोवीस तास बांधलेला आहे. आणि फक्त तोच नाही, त्याचे सगळे घर बांधलेले आहे. तो बाहेर गेला असेल तर त्याच्या बापाला जावे लागते, बाप नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला. पगार म्हणावा तर तो नगण्य, आणि गावकऱ्यांकडून येणारे धान्य त्यांच्या मर्जीवर.

आता टोनिसची फूटपट्टी लावा. नाते जन्माचे आहे. हिशेब नाही. मुदत नाही. सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. माणूस एका कामापुरता नाही, पूर्णपणे गुंतलेला आहे. समुदायाची सगळी लक्षणे इथे भेटतात. फक्त ऊब भेटत नाही. कारण जवळीक आणि बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टोनिसच्या मांडणीत त्या नकळत एकत्र झाल्या आहेत. महारवाडा गावाला फार जवळचा होता. इतका जवळचा की त्याला निसटता येत नव्हते.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा म्हणजे बहिष्कार. महारांनी मेलेली ढोरे ओढायची बंद केली, नवे कपडे घातले, पाणवठ्यावर हक्क सांगितला, की गाव बहिष्कार घाली. वाणी मीठ-तेल देत नसे, शेतात काम मिळत नसे, रानात गुरे चारू देत नसत, वाट बंद होई. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर कुलाबा जिल्ह्यात अनेकांना हा अनुभव आला. बहिष्कार हे हत्यार चालते कसे? ते चालण्यासाठी सगळे एकमेकांना ओळखत असावे लागतात. वाण्याला समोरचा माणूस कोण, कुणाचा, कालच्या सभेत होता की नाही, हे माहीत असावे लागते. शिवाय दुसरे दुकान जवळ नसावे लागते. म्हणजे ज्या घट्ट वीणेचे गोडवे गायले जातात, तीच वीण बहिष्काराला ताकद देते. गावाची माणुसकी आणि गावाचा बहिष्कार एकाच सुताने विणलेले आहेत.

अनोळखी असण्याचा फायदा

१८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत गिरण्या, गोदी, रेल्वे आणि नगरपालिका यांनी कोकण आणि देशावरून माणसे ओढून घेतली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि त्यांतले सुमारे ८४ टक्के लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. सगळ्यात मोठा लोंढा रत्नागिरी जिल्ह्याचा होता.

अशा शहरात दुकानदाराला गिऱ्हाइकाची जात विचारत बसायला फुरसत नसते. ट्राममध्ये शेजारी कोण बसला हे कळत नाही. नळाला रांग लागते. ज्या माणसाला गावात सावलीचाही हिशेब ठेवावा लागत होता, त्याला या गर्दीत पहिल्यांदा कुणीही नसण्याची मुभा मिळाली. गेओर्ग झिमेलने १९०३ साली महानगरी माणसाच्या तुटकपणावर लिहिले, लुई वर्थने १९३८ साली शिकागोच्या अनुभवावरून शहरी नात्यांच्या उथळपणावर लिहिले. दोघांनीही या तुटकपणासोबत येणारे स्वातंत्र्य ओळखले होते. पण आपल्याकडे शहराची जी तक्रार होते, तिच्यात स्वातंत्र्याचा भाग गळून जातो आणि एकटेपणाचा तेवढा उरतो. गावात ज्याला मान होता, त्याला शहरात कुणी ओळखत नाही याचे दुःख होते. गावात ज्याचा अपमान होता, त्याला कुणी ओळखत नाही याचा आनंद होतो. आठवणी दोन का, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

पण फक्त अर्धेच. कारण शहर तितके अनोळखी नव्हते.

विणकाम खात्यातला धोटा

गिरणी म्हणजे मंडळाचे शुद्ध रूप असायला हवे. भागधारकांचे भांडवल, यंत्र, मजुरी, ठरलेले तास. टोनिसच्या पुस्तकातून उचलून आणल्यासारखे. प्रत्यक्षात कामगाराची भरती जॉबर करीत असे, आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे आणीत असे. नोकरी मिळाली की दस्तुरी द्यायची, नोकरी टिकवायची तर त्याची मर्जी राखायची. राहायचे गाववाल्यांच्या खोलीत, जेवायचे गाववालीच्या खानावळीत. म्हणजे कराराच्या दारात समुदायच पहारेकरी म्हणून उभा होता.

गिरणी कामगारांत अस्पृश्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर होते. ते मुख्यतः रिंग खात्यात आणि अशाच कमी मजुरीच्या कामांत होते. विणकाम खात्यात, जिथे कसबी कामगाराला सगळ्यात चांगली मजुरी मिळे, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते धोट्याचे.

हे कारण नीट समजून घेतले पाहिजे. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवे सूत टाकतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की माग थांबवून नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हे दिवसात शेकडो वेळा करावे लागे. मजुरी कापडाच्या मापावर होती, म्हणजे माग थांबला की पैसे थांबले. म्हणून सगळ्यात झटपट रीत अशी की छिद्राला तोंड लावून सूत ओढून घ्यायचे. तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्या हाती आणि तोंडी जाई. सवर्ण विणकरांचे म्हणणे होते की महाराच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा?

हीच रीत इंग्लंडच्या लँकेशायरमध्येही होती. तिथे आणि अमेरिकेतही ती आरोग्याला घातक आहे म्हणून तक्रारी झाल्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने सूत ओढायच्या धोट्यांवर कायद्याने बंदी आणली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघालेले होते. म्हणजे खरा प्रश्न थुंकीचा असता तर त्यावर यंत्राचा उपाय होता, आणि त्यात सगळ्याच कामगारांचे भले होते. पण मुंबईत थुंकीने कुणाला त्रास नव्हता. एकमेकांची थुंकी सवर्ण कामगारांना चालत होती. चालत नव्हती ती एका जातीची. विटाळ हा आरोग्याचा नियम नसतो, तो हद्दीचा नियम असतो, हे ओळखण्याची यापेक्षा सोपी कसोटी सापडणार नाही.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून जवळजवळ सहा महिने गिरण्या बंद होत्या. कामगारांच्या मागण्यांची यादी तयार होत असताना बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा प्रश्न पुढे केला. सगळी खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी घेतली नाही, तर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असे त्यांना बजावावे लागले. मग युनियनने ती मागणी नाखुशीने घेतली. मालकांपुढे ती गेल्यावर त्यांचे उत्तर तयार होते. हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही, तुमचेच कामगार त्यांना आत येऊ देत नाहीत.

या एका प्रसंगात तिन्ही पात्रे पाहा. मालकाला करार आणि नफा कळतो, पण कसबी कामगार नाराज होऊ नये म्हणून तो जातीचा नियम पाळतो. युनियन वर्गाची भाषा बोलते, पण सभासद दुखावतील म्हणून तोच नियम पाळते. दोन्ही मंडळे आहेत, दोन्ही आधुनिक आहेत, दोघांचे एकमेकांशी हाडवैर आहे. आणि दोघेही एका जुन्या समुदायापुढे वाकलेले आहेत. समुदाय जातो आणि मंडळ येते, असा सरळ प्रवास इथे झालाच नाही. मंडळाच्या इमारतीत समुदाय राहायला आला.

चाळीच्या भिंती

राहण्याच्या जागेतही हेच झाले. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे राहिले. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फूट. सरकारने बांधलेल्या, एका मापाच्या, एका नकाशाच्या. खोलीच्या मापात कुणाची जात दिसत नव्हती.

पण कोणती चाळ कुणाची, हे हळूहळू ठरत गेले. काही चाळी बौद्धांच्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, काही मराठ्यांच्या. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल उसळली, तेव्हा एकाच मापाच्या खोल्यांत राहणारी, शेजारच्या गिरण्यांत काम करणारी माणसे समोरासमोर आली. त्या दिवसांत भगवत जाधव हा तरुण मोर्चात मारला गेला. नकाशा एक असून भागत नाही, हे वरळीने दाखवले.

आणि आजही शहराचे पूर्ण अनोळखीपण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश भरली, आणि मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. अर्ज कागदावर होता, माणूस समोर नव्हता. तरी आडनाव बोलले. घर भाड्याने घेताना विचारला जाणारा "आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

आपण काय उभे केले

मग शहराने काहीच बदलले नाही का? बदलले. पण ते आपोआप नाही. शहराने जी मोकळी जागा दिली, तिचा उपयोग करून माणसांनी जे जाणीवपूर्वक उभे केले, त्याने बदलले.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. तिला घटना होती, उद्देश लिहिलेले होते, व्यवस्थापक मंडळ होते, वर्गणी होती. त्या मंडळात वेगवेगळ्या जातीधर्मांचे लोक होते. तिने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आता हे महारवाड्याच्या जुन्या बैठकीशी ताडून पाहा. बैठकीत वय आणि घराणे बोलत असे, नियम तोंडी असत, आणि बाहेर पडायची सोय नसे. सभेत ठराव होत, इतिवृत्त लिहिले जाई, हिशेब मांडला जाई. पाटलापुढे जोहार घालणाऱ्या माणसाचा मुलगा इथे हात वर करून "माझी हरकत आहे" असे म्हणायला शिकला. ही सवय समुदायाने दिली नव्हती, ती मंडळाने दिली. पुढे १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप झाला, तेव्हा दहा वर्षांपूर्वी युनियनला नाखुशीने घ्याव्या लागलेल्या माणसांचा पक्ष आता पुढाकार घेणाऱ्यांत होता.

याचा अर्थ बाबासाहेबांना ओलावा नको होता, फक्त कोरडे नियम हवे होते, असा नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली, हे लक्षात घ्या. ज्यांना वाटते की बाबासाहेब खेड्याच्याच विरोधात होते, त्यांनी या मागणीचा विचार करावा. विरोध शेतीला, शेजाराला किंवा लहान वस्तीला नव्हता. विरोध दुसऱ्याच्या भाकरीवर टांगलेल्या जगण्याला होता. स्वतःची जमीन असेल आणि वेस स्वतःची असेल, तर गाव चालणार होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, तेव्हा त्या टांगलेल्या जगण्याचा कायदेशीर दोर तरी तुटला.

'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांचे जे म्हणणे आहे, ते टोनिसच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ते महत्त्वाचे. त्यांच्या मते हिंदू समाज हा समाजच नाही, तो जातींचा ढीग आहे. प्रत्येक जात आतून घट्ट, बाहेरून बंद. म्हणजे आपल्याकडे समुदाय कमी पडले नाहीत, फार झाले. कमी पडली ती समुदायांच्या भिंतींतून आरपार जाणारी ये-जा. कोलंबियात जॉन ड्युईंकडे शिकलेल्या बाबासाहेबांना समाज म्हणजे सामायिक कृतीत वाटा असणे, असे वाटत होते. या ये-जेला संविधानात 'बंधुता' हे नाव मिळाले, आणि धम्माच्या भाषेत ती 'मैत्री' आहे. बंधुता समुदायासारखी जन्माने मिळत नाही आणि मंडळासारखी करार संपताच संपतही नाही.

आपल्याही मंडळांना हाच प्रश्न

इथे आपल्याकडे वळून बघितले पाहिजे. मुंबईत गावाच्या नावाने मंडळे निघाली. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीचे मुंबई मंडळ असते. आपल्यातही गावशाखा आहेत, बौद्धजन पंचायत समितीसारखी मोठी रचना आहे. कुणी वारले तर मयताच्या खर्चापासून ते लग्न, नामकरण, बुद्ध पौर्णिमेपर्यंत ही मंडळे उभी राहतात. शहरात माणूस एकटा पडतो या तक्रारीला आपल्या लोकांनी दिलेले हे उत्तर आहे, आणि ते मोलाचे आहे.

पण वस्तीतल्या मंडळांच्या घटना आणि हिशेब तपासायला बसतो तेव्हा मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, या मंडळातून एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर तो अपमान न होता पडू शकतो का? वर्गणी थकली म्हणून कुणाच्या मयताला जाऊ नका असा निरोप फिरत असेल, तर तो गावचाच बहिष्कार आहे, फक्त पावतीपुस्तक आपले आहे. दुसरा, नियम लिहिलेले आहेत का आणि ते बायकांच्या हाती पडले आहेत का? तिसरा, दुसऱ्या पोटजातीतून, मांग, चांभार, ढोर समाजातून आलेला माणूस इथे सभासद होऊन अध्यक्ष होऊ शकतो का, आणि आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीला व्यासपीठावर खुर्ची मिळते का?

ही तीन उत्तरे 'हो' असतील तर नाव काहीही असो, तिथे बंधुता आहे. 'नाही' असतील तर आपण शहरात येऊन पुन्हा गाव बांधले आहे, आणि या वेळी वेशीच्या आत आपण उभे आहोत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणाले की पूर्वी गावात माणुसकी होती, तर भांडू नका. शांतपणे एवढेच विचारा, तुमचे घर वेशीच्या कोणत्या बाजूला होते?

जय भीम!